दोनशे घंटा एकदम: लाइव्ह भावांचा फीड आठ महिने वापरल्यावर

दिवाळीनंतर ब्रोकरचा एपीआय घेतला, म्हणजे आपल्या प्रोग्रामने त्याच्याकडून डेटा मागायचं दार. महिना ५०० रुपये. त्याच्या वेबसॉकेटवरून, म्हणजे सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीवरून, २०० शेअर्सचे भाव घरच्या स्कॅनरमध्ये ओढतो. स्कॅनर म्हणजे जुन्या लॅपटॉपवर चालणारी माझीच पायथन फाइल. एखाद्या शेअरचं मिनिटाचं व्हॉल्यूम, म्हणजे हातबदल झालेल्या शेअर्सची संख्या, त्याच्या नेहमीच्या सरासरीच्या पाचपट झालं की देवळातली घंटा वाजते. मे अखेरपर्यंत मी या फीडला पाचपैकी पाच तारे दिले असते. जूनमध्ये दोनवर आलो होतो, आता चारवर आहे. मधे काय झालं ते लिहितो, कारण यातला बराच दोष माझाच निघाला आणि ते कबूल करायला मला तीन आठवडे लागले.

आमच्या डिचोलीत मृगाचा पहिला जोरदार पाऊस म्हणजे वीज जाणार, हे गृहीतच. लॅपटॉपला बॅटरी आहे, वायफाय राउटर इन्व्हर्टरवर आहे. पण फायबरची पांढरी डबी भिंतीवरच्या वेगळ्या प्लगमध्ये, आणि तो प्लग इन्व्हर्टरवर नाही, हे मला सात महिने माहीतच नव्हतं. वीज गेली, डबी बंद पडली, आणि लॅपटॉपवर वायफायच्या दांड्या मात्र पूर्ण. स्कॅनर शांत. मला वाटलं बाजारच थंड आहे. पाऊणएक तासाने फोंड्याच्या मित्राचा फोन आला, "काय रे, बँकांचे शेअर धावताहेत, तू गप्प कसा?" पाहिलं तर पडद्यावरचे सगळे भाव मघाचेच. वीज येऊनही अर्धा तास होऊन गेला होता.

हे कसं होतं ते समजून घ्या, नाहीतर तुम्हीही फसाल. आपलं टोक फक्त ऐकत असतं, काही पाठवत नाही. त्यामुळे मधली वाट तुटली तरी लॅपटॉपला ते कळायला कारणच नाही. ब्रोकरच्या बाजूने जोडणी केव्हाच बंद झालेली असते, पण तो निरोप आपल्यापर्यंत येणार कुठल्या वाटेने? लिनक्समध्ये टीसीपीची स्वतःची चाचपणी मुळात चालूच नसते, आपण ती सुरू करायची, आणि सुरू केली तरी पहिली चाचणी दोन तासांनी. कोडमध्ये एरर नाही, जोडणी "चालू", आणि भाव गोठलेले. पायथनच्या `websocket-client` मध्ये `ping_interval` मुळात शून्य असतो, म्हणजे जोडणी जिवंत आहे का हे विचारणारा पिंग बंद. मी तेच वापरत होतो आणि ती ओळ कधी वाचली नव्हती.

उपाय सोपा निघाला. माझ्या ब्रोकरचा फीड टिक, म्हणजे भावाचे नवे निरोप, नसल्या तरी दर दोनेक सेकंदांनी एक बाइट पाठवतो, मी जिवंत आहे एवढंच सांगायला. मी पहारेकरी बसवला: दहा सेकंदांत एक बाइटही आला नाही तर जोडणी स्वतः तोडायची आणि पुन्हा लावायची. दुसरा प्रयत्न दोन सेकंदांनी, मग चार, मग आठ, पुढे तीसवर थांबायचं. खुश होऊन झोपलो.

दुखणं गेलं आणि औषधाचं दुखणं सुरू झालं. पुढच्याच आठवड्यात सकाळी ११:१२ ला वीज गेली, ११:१९ ला आली, डबीला सुरू व्हायला दोन मिनिटं. ११:२१ ला पहारेकऱ्याने जोडणी लावली, आणि दोनशेच्या दोनशे घंटा एकदम वाजल्या. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, तो कंप्यूटर बंद करा आधी!" शेजारच्या काकी आरती कसली म्हणून डोकावून गेल्या. आणि त्याच क्षणी ब्रोकरकडून ४२९ चा भडिमार: मर्यादेपेक्षा जास्त रिक्वेस्ट.

मी तडक सपोर्टला मेल टाकला. भाषा जरा कडकच होती. पैसे घेता आणि ऐन वेळी दार लावता, वगैरे. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, दोन ओळींचं: इतिहासाच्या डेटासाठी सेकंदाला तीन रिक्वेस्ट चालतात, तुमच्या एपीआय-कीवरून त्याच्या कितीतरी पट आल्या. मी आणखी एक मेल टाकला, त्याहून कडक. मग लॉग उघडून बसलो आणि हळूहळू माझा आवाज खाली आला.

टिकमध्ये जो व्हॉल्यूम येतो तो त्या मिनिटाचा नसतो, सकाळपासूनचा एकूण असतो. मिनिटाचा काढायचा तर आधीचा आकडा वजा करायचा. हे एरवी उत्तम चालतं. पण एका शेअरचं बघा: ११:१२ ला एकूण ४,२०,००० आणि ११:२१ च्या पहिल्या टिकमध्ये ५,१०,०००. फरक ९०,०००. तो शेअर मिनिटाला साधारण १०,००० चाच आहे, म्हणजे नऊ मिनिटांत त्याने अगदी नेहमीसारखा व्यवहार केला. पण माझ्या कोडने सगळे ९०,००० एका मिनिटाच्या कँडलमध्ये, म्हणजे त्या एका मिनिटाच्या भाव-व्हॉल्यूमच्या नोंदीत, कोंबले आणि जाहीर केलं: नऊपट! आणि नऊ मिनिटं सगळ्याच शेअर्सची गेली होती, म्हणून सगळेच नऊपटीच्या आसपास.

घंटा वाजली की स्कॅनर त्या शेअरच्या मागच्या कँडल मागवतो, खात्री करायला. दोनशे घंटा, दोनशे रिक्वेस्ट, एकाच दमात. नाकारलेली रिक्वेस्ट मी लगेच परत पाठवत होतो, मधे श्वासही न घेता. दहा सेकंदांत लॉगमध्ये १,४०० वेळा ४२९. ब्रोकरने दार लावलं नव्हतं, मीच ते लाथा मारून बडवत होतो.

पहिली दुरुस्ती पाच ओळींची. जोडणी तुटली की प्रत्येक शेअरवर `gap` ची खूण करायची, आणि नंतरची पहिली टिक फक्त पाया म्हणून धरायची:

```python
if s.gap or s.last_vol is None:
    s.gap = False
else:
    s.candle_vol += vol - s.last_vol
s.last_vol = vol
```

शिवाय ते अर्धवट मिनिट घंटेसाठी बाद. एवढ्याने गोंगाट थांबला. पण मधल्या नऊ मिनिटांत कोणी खरंच उसळला असेल तर तो आता कळणारच नव्हता.

सरळ मार्ग म्हणजे दोनशेही शेअर्सच्या हरवलेल्या कँडल रांगेने मागवणं. मर्यादा सेकंदाला तीन, मी दोनच ठेवतो, कारण तीच एपीआय-की दुसऱ्या एखाद्या स्क्रिप्टला वापरली तर मोजदाद एकत्रच होते. दोनशेला शंभर सेकंद. चालवून पाहिलं, चाललंही. पण तेवढा वेळ रांग अडकलेली, आणि त्यात नवी खरी घंटा वाजली तर तिची कँडल रांगेच्या शेपटीला.

मग कागदावर आकडेमोड करताना लक्षात आलं की ब्रोकरला विचारायच्या आधीच अर्धं उत्तर माझ्या हातात आहे. ज्या ९०,००० ने गोंधळ घातला, तोच आकडा उपयोगाचा. त्याला नऊने भागा: मिनिटाला १०,०००, म्हणजे नेहमीचंच. या शेअरमध्ये काही झालेलं नाही, त्याच्यासाठी रिक्वेस्ट कशाला फुकट घालवायची? ज्यांची सरासरी फुगलेली दिसते, फक्त त्यांच्याच कँडल मागवायच्या.

फुगलेली म्हणजे किती, यावर मी चुकलो. आधी दुप्पट धरली. चार दिवस तशीच चालवली आणि समाधानी होतो. मग हिशेब केला: नऊपैकी आठ मिनिटं साधी आणि एकच पाचपटीचं असेल तर बेरीज १३, नऊने भागून १.४४. म्हणजे जो धक्का पकडण्यासाठी हा सगळा खटाटोप, तोच माझ्या दुपटीच्या चाळणीतून खाली गळत होता. खंड n मिनिटांचा असेल तर रेषा `1 + 4/n` इथे हवी. नऊ मिनिटांना १.४४, चार मिनिटांना बरोबर दोन. त्या ११:१२ च्या नोंदींवर ही रेषा लावली तर दोनशेपैकी ३१ शेअर उरले. सेकंदाला दोन, सोळा सेकंदांत काम संपलं.

यातली मेख अशी की खंड लांबला की रेषा एककडे सरकते. वीस मिनिटांना १.२, आणि तेवढं तर बाजार जरा तापला की निम्मे शेअर ओलांडतात. तेव्हा वीसच्या वर खंड गेला तर मी मुकाट्याने सगळे शंभर सेकंद देतो. आणि बाकीची मिनिटं नेहमीपेक्षा मंद असतील तर एखादा धक्का तरीही निसटेल. माझ्यासारख्या दिवसाला दोन सौदे करणाऱ्याला ते परवडतं.

बाकी फीडबद्दल थोडक्यात. यात येतो तो प्रत्येक सौदा नव्हे, अधूनमधून घेतलेला फोटो असतो. त्यामुळे माझ्या कँडलचा उच्चांक आणि ब्रोकरच्या कँडलचा उच्चांक कधी कधी पाच पैशांनी वेगळे येतात. पण दिवसाचा उच्चांक-नीचांक टिकमध्येच असतो, म्हणून खंड पडला तरी दिवसाचा उच्चांक मोडलेला कळतोच, त्यासाठी एकही रिक्वेस्ट लागत नाही.

सुरुवातीला मी हौसेने पूर्ण मोड घेतला होता, खरेदी-विक्रीच्या ऑर्डरींच्या पाच ओळींसकट. एका शेअरला दर टिकला १८४ बाइट. मधल्या मोडला ४४. दोनशे शेअर, सेकंदाला एक टिक, सव्वासहा तास: पूर्ण मोडला ८२८ एमबी, मधल्याला १९८. घरच्या फायबरला फरक पडत नाही, पण वीज गेल्यावर दिवसभर फोनच्या हॉटस्पॉटवर चालवलं तर फोनच्या दीड जीबीतला निम्म्याहून अधिक डेटा पूर्ण मोडच खाणार, आणि त्या पाच ओळी स्कॅनर तर वाचतही नाही. बदलला. कुणी महिन्याला भाडं भरून क्लाउडवर टाक म्हणालं तर माझं उत्तर हेच: आधी चौकशी करा तुमची पांढरी डबी कुठल्या प्लगमध्ये आहे.

एक तारा अजून कापलेला आहे तो सकाळच्या लॉगिनसाठी. टोकन रोज संपतं, रोज हाताने आत शिरावं लागतं. गेल्या गुरुवारी पोदेराकडून पाव घेऊन येईपर्यंत सव्वानऊ होऊन गेले आणि बाजाराची पहिली चार मिनिटं हुकली.

सपोर्टला तिसरा मेल टाकला, माफीचा. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. परवा दुपारी पुन्हा वीज गेली. डबी मी अजून इन्व्हर्टरवर घेतलेली नाही, इलेक्ट्रिशियन तीनशे मागतोय. लॉगमध्ये हे होतं:

```
13:40:12 no bytes 10s, closing
13:46:31 connected, gap=7
13:46:31 line=1.57, queued=22
13:46:42 backfill done, 429=0
```

घंटा एकदाच वाजली. मी तेव्हा जेवत होतो.