टेरेसच्या कामाचं कव्हरिंग लेटर: जोरात लिहावं की जपून?

माझ्या मावसभावाचं वॉटरप्रूफिंगचं छोटं काम आहे, पाच माणसांची टीम. ठाण्यातल्या एका सोसायटीने टेरेसच्या ब्रिकबॅट कोब्यासाठी सीलबंद कोटेशन मागवली होती, तर याने दोन लेटर्स लिहून मला पाठवली, यातलं कुठलं देऊ म्हणून.

पहिल्यात होतं, "आम्ही ठाण्यातील अग्रगण्य कंपनी असून 100 टक्के लीकेजमुक्त काम आजीवन गॅरंटीसह करून देतो." फर्म सुरू होऊन सहा वर्षं झालीत, आजीवन कोणाच्या जिवावर? आणि हे लेटरहेडवर सहीनिशी लिहून दिलं की उद्या कोणी टेरेसवर डिशचा स्टँड ठोकला आणि तिथून पाणी झिरपलं तरी कमिटी तेच लेटर नाचवणार.

दुसरं याच्या बरोब्बर उलट. "फर्म लहान आहे, पण संधी दिल्यास मनापासून प्रयत्न करू, रेट कमीजास्त करता येतील." अरे, पाकीट उघडायच्या आधीच तू सांगून टाकलंस की रेटमध्ये हवा आहे!

मग आम्ही प्रत्येक वाक्याला "कशावरून?" विचारत बसलो. अग्रगण्य कशावरून? उत्तर नाही, उडवलं. त्या जागी आलं, "गेल्या तीन वर्षांत 11 टेरेस केल्या, त्यातल्या दोन सोसायट्यांच्या सेक्रेटरींचे नंबर त्यांच्या परवानगीने सोबत दिले आहेत." लीकेजमुक्तच्या जागी, "कोबा झाल्यावर आउटलेट बंद करून टेरेसवर 72 तास पाणी साठवू आणि वरच्या मजल्याच्या सिलिंगचे आधीचे-नंतरचे फोटो देऊ." गॅरंटी सात वर्षं, फक्त आम्ही केलेल्या कोब्यावर, नंतर कोणी ड्रिल मारलं किंवा पाइप फुटला तर ते त्यात धरलेलं नाही.

त्याला भीती, की अटी टाकल्या तर आपण घाबरट वाटू. मला उलट वाटतं, पाणी कुठून कुठून शिरतं हे माहीत असलेला माणूसच अशी ओळ लिहितो.

वाद झाला तो एका ओळीवरून. 11 पैकी एका टेरेसला पहिल्याच पावसात पाइपभोवती ओल आली होती, आठवड्यात फुकट दुरुस्त करून दिली. लिहायचं का? मी म्हटलं लिही, कारण सापडलं होतं आणि ते बंदही झालंय, शिवाय दिलेल्या दोन नंबरांपैकी एक त्याच सोसायटीचा, फोन केला तर कळणारच. कारण सापडलं नसतं तर मात्र मी त्या कामाचा विषय लेटरमध्ये काढला नसता, फोनवर विचारलं तर खरं सांगायचं.

दुसरं लेटर अगदीच वाया नव्हतं हां, त्यातलं "लहान फर्म" ठेवलं, फक्त पुढे जोडलं की साइटवर रोज मी स्वतः असतो.

आणि एक, पाठवायच्या आधी दोन्ही नंबरांवर फोन करून बघितला ते बरं झालं, एका सोसायटीचे सेक्रेटरी मार्चमध्येच बदलले होते.