मोत्यांचा सर घेताना भोकात बघा

लेकीच्या लग्नासाठी हैदराबादला, चारमिनारजवळच्या एका दुकानातून मी अकोया, म्हणजे समुद्रातल्या कालवांत वाढवलेल्या मोत्यांचा सर घेतला. 7 मिलिमीटरचे मोती, 16 इंच लांबी, किंमत 31,000. पुण्यात एका सराफाकडे त्याच मापाचा सर 54,000 ला होता. दोन्हीकडे प्रत 'ट्रिपल ए' सांगितली होती. तेवीस हजार वाचले म्हणून मी खूश. ही प्रत ठरवायचा सर्वमान्य नियम नाही, प्रत्येक दुकानदार ती आपापल्या मापाने लावतो, हे मला ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांनी सर नव्याने ओवायला दिला. पटवेकरी काका म्हणाले, "ताई, भोकांपाशी टवके उडालेत. आतला मणी दिसतोय."

मग त्यांनी भिंगातून दाखवलं. अकोयाच्या पोटात शिंपल्याचा घडवलेला गोल मणी असतो आणि कालव त्यावर थरावर थर चढवतं. कालव लवकर उघडलं की थर पातळच राहतो. माप तेवढंच, गोलाईही तेवढीच, त्यामुळे वरून काही कळत नाही. भोकाच्या कडेला मात्र थर आणि मणी यांच्यामधली रेघ दिसते. चांगल्या अकोयात ती कडेपासून साधारण 0.4 मिलिमीटर आत असते. माझ्या मोत्यांत थर कागदाएवढा होता. (गोड्या पाण्यातल्या बहुतेक मोत्यांत मणी नसतोच, तिथे ही परीक्षा चालत नाही.)

भिंग नसेल तर दिव्याखाली सर हळूहळू फिरवा. थर पातळ असेल तर आतल्या मण्याचे पट्टे झळकतात आणि मोती उजळ-काळपट, उजळ-काळपट होत राहतो. माझे निम्म्याहून अधिक मोती तसे होते.

मोत्यांच्या पाण्यात, म्हणजे चमकेतही मी फसले. दुकानात डोक्यावर प्रखर दिवे होते, त्यांच्याखाली सगळंच चमकतं. घरी खिडकीशी धरल्यावर गजांचं प्रतिबिंब वाफ धरलेल्या आरशासारखं पुसट दिसलं. त्याच पुण्याच्या सराफाकडे पुन्हा जाऊन तिथला सर दारात धरला, तर चौकटीच्या कडा स्पष्ट उमटल्या. दुकानदाराला सांगून सर उजेडात न्याच.

बारीक खड्डे भोकाजवळ असतील तर चालतात, गाठीखाली झाकले जातात. जुळणीसाठी सर पांढऱ्या कापडावर सरळ ठेवून हातभर लांबून बघा. माझ्या सरात फाशाजवळचे दोन मोती हिरवट होते, एक अंडाकृती. ते मागे मानेवर येतात म्हणून मी दुर्लक्ष केलं होतं.

पावती घेऊन दुकानात गेले. तिच्यावर फक्त 'मोत्यांची माळ, 1 नग' होतं. अकोया नाही, माप नाही, थराबद्दल एक शब्द नाही. "वापरून झिजले, बाई," एवढंच उत्तर मिळालं. काकांनी टवके उडालेले अकरा मोती वेगळे काढून पुडीत बांधून दिले. आता सर गळ्याभोवती पुरत नाही.