किराणा दुकानाचा विक्रीचा डॅशबोर्ड: दहा महिन्यांनी उरलेले तीन तक्ते

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आमचं किराणा दुकान आहे. रोजची विक्री आधी आप्पांच्या वहीत जायची. २०२५ च्या गुढीपाडव्यापासून ती गुगल शीट्समध्ये भरायला लागलो. पुतण्याने मोठ्या हौसेने पहिल्याच पानावर अकरा तक्ते मांडून दिले होते. रोजची रेष, महिन्याचे खांब, मालाचे रंगीत गोल, असं बरंच काही. महिनाभर मी ते रोज उघडले आणि रोज तसेच बंद केले, कारण बघून झाल्यावर दुकानात वेगळं काय करायचं ते कळत नव्हतं. मग आम्ही एकच कसोटी लावली. ज्या तक्त्याकडे बघून उद्या सकाळी काहीतरी करता येतं, तोच ठेवायचा. तीन उरले.

पहिला रोजच्या विक्रीचा. आमच्या गावचा बाजार सोमवारी भरतो. सोमवारी सत्तावीस हजारांच्या आसपास गल्ला होतो आणि मंगळवारी पंधरावर येतो. त्यामुळे रोजची रेष करवतीच्या दातांसारखी दिसायची आणि दर मंगळवारी माझा जीव खाली-वर व्हायचा. आप्पांनी मोबाईलमध्ये डोकावून एकदाच म्हटलं, "अरे, मंगळवारची गाठ मंगळवारशी घाल की. सोमवारशी काय घालतोस?" वहीतही ते तसंच बघत आले होते. त्या दिवसापासून प्रत्येक वारासमोर मागच्या चार त्याच वारांची सरासरी ठेवली. आजचा खांब आणि सरासरीची रेष, एवढंच. एक ओळ म्हणजे एक दिवस, एकही दिवस गाळायचा नाही, म्हणजे सात ओळी वर गेलं की तोच वार सापडतो. दिवसाची विक्री G मध्ये आहे आणि साठाव्या ओळीच्या दिवसाची सरासरी अशी:

```
=AVERAGE(G32,G39,G46,G53)
```

यात दोन ठिकाणी फसलो. दुकान बंद असलेल्या दिवशी बेरजेच्या खान्यात आपोआप शून्य पडायचं. शीट्स रिकामा खाना सरासरीत धरत नाही, पण शून्य धरतं. एका सोमवारी लग्नासाठी दुकान बंद होतं, तर पुढचे चार सोमवार "सरासरीपेक्षा भरपूर जास्त" दिसले.

दुसरी चूक मोठी होती आणि ती कळायला तीन महिने लागले. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात विक्री उसळी मारायची. मी समजत होतो, पगार होतात म्हणून. एका महिन्याच्या ३ तारखेला रोख १०,९००, यूपीआय ११,४०० आणि नवी उधारी २,१०० अशी २४,४०० बेरीज आली. त्या वाराची सरासरी होती १८,६००. मी खूश होऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "अहो, यातले सहा हजार दोनशे तर मागच्या उधारीचे आलेत. मी आत्ताच खात्यांतून वजा केले." उधारीचा माल दिला त्या दिवशी तो विक्रीत धरला होता आणि पैसे आले त्या दिवशी पुन्हा धरला. खरी विक्री १८,२००, म्हणजे सरासरीपेक्षा चारशे कमीच. यूपीआयच्या दिवसाच्या बेरजेत वसुली आणि विक्री वेगळी दिसत नाही, म्हणून वसुलीचा वेगळा खाना करावाच लागतो. C रोख, D यूपीआय, E नवी उधारी, F वसुली:

```
=IF(COUNT(C60:F60)=0,"",C60+D60+E60-F60)
```

याने बंद दिवसाचं शून्यही गेलं. रोख लिहिताना सकाळी ठेवलेले सुटे पैसे वजा करायचे आणि गल्ल्यातून हमालाला, दूधवाल्याला दिलेले पैसे परत मिळवायचे. ते विसरलं की माल येतो त्या दिवशी विक्री पडल्यासारखी दिसते.

दुसरा तक्ता उधारीचा आणि माझ्या मते पैसे वाचवले ते यानेच. तीन खांब आहेत: तीस दिवसांच्या आतली, एकतीस ते साठ आणि साठच्या पुढची. सुरुवातीला आम्ही खात्यातल्या शेवटच्या तारखेवरून दिवस मोजत होतो आणि सगळं छान दिसत होतं. मग एका खात्यावर नजर गेली. बाकी ४,६००, पण गिऱ्हाईक दर आठवड्याला तीनशे देतं आणि तेवढाच माल परत नेतं. शेवटची तारीख कायम ताजी, बाकी जिथल्या तिथे. आता आलेला पैसा सर्वात जुन्या बिलातून वजा करतो आणि फिटायच्या राहिलेल्या सर्वात जुन्या बिलापासून दिवस मोजतो. तसं केलं त्या दिवशी एकूण ६८,००० पैकी २३,००० साठ दिवसांच्या पुढचे निघाले. ते बघून मला रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून साठच्या पुढे गेलेल्या खात्याला आधी थोडे भरल्याशिवाय नवा माल उधार नाही. गेल्या महिनाअखेर तो खांब ९,००० वर होता. दोन गिऱ्हाइकं तुटली, त्यातलं एक जुनं होतं आणि त्याचं वाईट वाटतं.

तिसरा तक्ता बिलांच्या संख्येचा आणि सरासरी बिलाचा, आठवड्याचा. विक्री कमी झाली तर माणसं कमी आली की आलेल्यांनी कमी घेतलं, हे याच्यावरून कळतं. २२ सप्टेंबर २०२५ ला अंघोळीचा साबण, टूथपेस्ट, बिस्किटं यांच्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. नव्या दराचा माल येत गेला तसं आमचं सरासरी बिल थोडं उतरलं, पण बिलं तेवढीच राहिली. नुसती विक्री बघितली असती तर पलीकडच्या गल्लीत उघडलेल्या नव्या दुकानाला दोष देऊन बसलो असतो.

महिन्याची मागच्या वर्षाशी तुलना मात्र काढून टाकली. वहीतला सप्टेंबर २०२४ आणि शीटमधला सप्टेंबर २०२५ शेजारी ठेवले तेव्हा मोठी घट दिसली. २०२४ मध्ये गणपती ७ सप्टेंबरला बसले होते, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. गूळ, खोबरं, रवा, तूप यांची खरेदी ऑगस्टमध्येच होऊन गेली होती. सणाआधीचे पंधरा दिवस सणाआधीच्या पंधरा दिवसांशीच ताडावे लागतात आणि ते मी वर्षातून दोन-तीनदा हाताने करतो.

आणखी एक बारीक गोष्ट. रेषेच्या तक्त्यात शीट्स उभा अक्ष बरेचदा शून्यापासून सुरू करत नाही, त्यामुळे पाचशेची घटही कडा कोसळल्यासारखी दिसते. `Vertical axis` मध्ये जाऊन `Min` ला 0 द्यावा.

रोजचं भरणं सात-आठ मिनिटांत होतं, उधारीला बायकोची पंधरा मिनिटं जातात. दिवाळीच्या गर्दीत सहा दिवस भरायचे राहिले, मग आप्पांच्या वहीवरून उतरवून घेतले. वही अजून चालू आहे आणि मी ती बंद करणार नाही.

नफा यात कुठेच दिसत नाही, हे सांगायला हवं. साखरेचं पोतं आणि मसाल्याची पुडी दोन्ही विक्रीत रुपयांनीच मोजली जातात, पण हातात उरणारा पैसा दोहोंत फार वेगळा. त्यासाठी प्रत्येक बिल मालानुसार नोंदवावं लागेल आणि काट्यावर सुटा माल देताना ते मला अजून जमलेलं नाही. तोवर दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुकान लवकर बंद करून आम्ही तिघं शिल्लक माल मोजतो. सुरुवातीचा माल अधिक खरेदी वजा शिल्लक, हा आकडा विक्रीतून वजा करून जे उरतं ते आप्पा वहीच्या मागच्या पानावर लिहितात.