थायरॉइडची गोळी: पहाटे घ्यावी की झोपताना?

फोंड्याच्या बाजारात औषधांच्या दुकानात बसताना एक प्रश्न वरचेवर कानी येतो. डॉक्टरांनी लेवोथायरॉक्सिन ‘सकाळी उपाशीपोटी’ लिहून दिलेले असते, पण घरातली सकाळ काही उपाशी नसते. पोदेराचा भोंगा वाजला की गरम पाव येतात, चहाचे आधण चढते आणि गोळीनंतर पाऊण तास थांबायचे राहून जाते. मग माणसे विचारतात, ही गोळी रात्री घेतली तर चालेल का? चालते. पण कोणाला, हे त्या माणसाच्या जेवणाच्या वेळेवर आणि तो आणखी कोणत्या गोळ्या घेतो त्यावर ठरते.

ही गोळी लहान आतड्यात शोषली जाते. पोट रिकामे असले तरी तिचा साधारण साठ ते ऐंशी टक्के भागच रक्तात उतरतो. अन्न, दूध किंवा कॉफी सोबत गेली की तो आणखी घटतो. म्हणून दोनच वेळा सोयीच्या ठरतात. एक, उठल्याबरोबर साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर काही न घेता. दुसरी, झोपताना, रात्रीच्या जेवणाला कमीत कमी तीन तास उलटल्यावर. नेदरलँड्समध्ये सुमारे शंभर रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारे पिट्युटरी ग्रंथीचे संप्रेरक; औषध कमी पडले की त्याचा आकडा चढतो. त्या अभ्यासात झोपताना गोळी घेतल्यावर टीएसएच सकाळच्या मानाने चांगला खाली आला होता. नंतरच्या काही अभ्यासांत दोन्ही वेळा सारख्याच ठरल्या. म्हणजे रात्रीची वेळ दुय्यम नाही, पण पोट खरोखर रिकामे हवे.

आपल्याकडे अडचण येते ती इथेच. नुस्त्याचे हुमण आणि भात साडेनऊला ताटात पडत असेल, तर तीन तास मोजले की साडेबारा वाजतात. तोवर कोण जागे राहणार? चवथीच्या दिवसांत तर आरत्या आणि प्रसाद रात्री उशिरापर्यंत चालतात. ज्यांचे जेवण साडेसात-आठला आटोपते, त्यानंतर दूध वा फळ काही होत नाही आणि झोप अकराच्या पुढे लागते, त्यांच्यासाठी रात्र चांगली. बाकीच्यांनी सकाळच धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता कॅल्शियम आणि लोह. दोन्ही लेवोथायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात, त्यामुळे ते कमी शोषले जाते. यावर उपाय एकच: दोन गोळ्यांमध्ये चार तासांचे अंतर. नाचणीचे तिजान, दूध यांतही कॅल्शियम असते, म्हणून गोळीला लागून तेही नको. आम्लपित्तावरची औषधेही शोषण कमी करू शकतात. ती रोज घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

एक उदाहरण मांडून बघू. चौपन्न वर्षांच्या एक बाई आहेत, त्यांना ७५ मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे. पहाटे सहाला गोळी, सव्वासहाला दुधाचा चहा, आठला नाश्ता आणि नाश्त्यासोबत हाडांसाठी कॅल्शियमची गोळी. टीएसएच ८.४ येतो. सर्वसाधारण मर्यादा साधारण ०.४ ते ४ असते, म्हणजे औषध कमी पडते आहे. इथे दोन वाटा आहेत. पहिली, मात्रा थेट १०० करणे. टीएसएच उतरेलही, पण कारण तसेच राहील. पुढे कधी कॅल्शियम बंद झाले किंवा बाई सुट्टीत नातेवाइकांकडे जाऊन चहा उशिरा घेऊ लागल्या, की तेच १०० मायक्रोग्रॅम नीट शोषले जाईल आणि जास्त होईल. मग धडधड, हात थरथरणे, झोप न लागणे, वजन उतरणे सुरू होते. हे महिनोन्‌महिने चालले तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याची आणि हाडे विरळ होण्याची भीती असते. ज्या हाडांसाठी कॅल्शियम घेतले, त्यांनाच त्याचा तोटा.

दुसरी वाट अशी: मात्रा ७५ च ठेवायची, चहा सातला न्यायचा आणि कॅल्शियम दुपारच्या जेवणासोबत एकला घ्यायचे. गोळी आणि कॅल्शियम यांत सात तासांचे अंतर पडते. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत चांगले शोषले जाते, तोही फायदा. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच करायचा. तो तरीही चढा आला, तर मात्रा वाढवायला कारण आहे. यातली कोणती वाट धरायची हे डॉक्टर ठरवतील, पण चहा आणि कॅल्शियमच्या वेळा त्यांच्यापर्यंत पोचायला हव्यात. चिठ्ठीवर त्या दिसत नाहीत.

हाच प्रश्न रात्रीच्या वेळेसाठीही तपासावा. पुष्कळांना कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर सांगितलेले असते. आठला जेवण, साडेआठला कॅल्शियम आणि अकराला थायरॉइडची गोळी, म्हणजे अडीच तासच झाले. असे असेल तर कॅल्शियम दुपारी हलवा, नाही तर थायरॉइडची गोळी सकाळी घ्या. गरोदरपणात हा पेच घट्ट होतो. दुसऱ्या तिमाहीपासून कॅल्शियमच्या दिवसाला दोन गोळ्या, शिवाय लोहाची एक. कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणासोबत, लोह दोन्हींपासून दूर संध्याकाळी आणि थायरॉइडची गोळी पहाटे, हीच मांडणी बसते. गरोदर राहिल्याचे कळताच थायरॉइडच्या डॉक्टरांना लगेच भेटावे, कारण मात्रा बहुधा पंचवीस ते तीस टक्के वाढवावी लागते आणि पहिल्या निम्म्या काळात तपासणी दर चार आठवड्यांनी होते.

मात्रा इतक्या सावकाश का बदलतात, हेही समजून घ्या. हे औषध रक्तातून निम्मे व्हायलाच जवळजवळ एक आठवडा घेते. नव्या मात्रेची पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात, आणि टीएसएच त्याच्या मागून सरकतो. पंधरा दिवसांत केलेली तपासणी जुन्याच मात्रेबद्दल सांगते. बदलही बहुधा साडेबारा ते पंचवीस मायक्रोग्रॅमच्या पायऱ्यांनी होतो. थायरॉइड अगदीच काम करत नसेल, तर मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोला सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागतात, पण वय झालेल्यांना किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांना साडेबारा किंवा पंचवीसपासूनच सुरुवात करतात. आकडा स्थिरावला की सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा तपासणी पुरते. आजार पिट्युटरीचा असेल तर मात्र टीएसएच भरवशाचा नसतो, तिथे टी४, म्हणजे थायरॉइडचे संप्रेरकच, बघावे लागते.

सकाळची वेळ सोडून रात्रीची धरायची झाली, तर ठरल्या दिवशी सकाळची गोळी घ्यायची नाही, ती रात्री घ्यायची. मधल्या दीड-पावणेदोन दिवसांनी काही बिघडत नाही. वेळ बदलल्यावरही सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करावाच, कारण शोषण बदललेले असू शकते. रक्त द्यायच्या सकाळी गोळी आधी घेऊ नका, रक्त दिल्यावर घ्या. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर ते दोन-तीन दिवस आधी थांबवा, त्याने अहवाल चुकीचा येऊ शकतो.

डबी कुठे ठेवता तेही बघा. पावसाळ्यात आपल्याकडची हवा ओली असते आणि ही गोळी दमट, उबदार जागी कमजोर होते. चुलीजवळचे कपाट नको, न्हाणीघर तर नकोच. आठवड्याच्या खणांच्या डबीत महिन्याभराच्या गोळ्या काढून ठेवण्यापेक्षा मूळ बाटलीतच राहू द्या आणि झाकण घट्ट लावा.