गच्चीवरच्या टाकीसाठी पहिला बोर्ड: ईएसपी32 की रास्पबेरी पाय?

माझी भाची नववीत आहे. तिच्या घरी रोज सकाळी मोटर लावली जाते, मग घरातले सगळे आपापल्या कामाला लागतात आणि गच्चीवरून अंगणात पाणी पडायला लागलं की कुणीतरी धावत जाऊन बटण बंद करतं. टाकीत किती पाणी आहे ते खाली स्वयंपाकघरात दिसलं पाहिजे, असं तिने ठरवलं. मग मला फोन: "मामा, ईएसपी घेऊ की रास्पबेरी पाय?"

माझ्याकडे दोन्ही होते. म्हणून सुट्टीत आम्ही हे एकच काम दोन्हींवर करून पाहिलं. एका बाजूला ईएसपी32चा साधा 30 पिनांचा बोर्ड, दुसऱ्या बाजूला रास्पबेरी पाय झीरो 2 डब्ल्यू. दोन्हींत वायफाय आहे, दोन्ही तळहातावर मावतात, पण जात वेगळी. ईएसपी32 हा मायक्रोकंट्रोलर. त्यात ऑपरेटिंग सिस्टीमचा पसारा नसतो. आपण लिहिलेला प्रोग्रॅम चिपशेजारच्या फ्लॅश मेमरीत बसतो आणि वीज आली की तोच चालू होतो. पाय झीरो हा पूर्ण संगणक आहे. त्यात चार कोअरचा प्रोसेसर आणि 512 एमबी रॅम आहे, आणि मायक्रोएसडी कार्डावरून लिनक्स सुरू होतं. आपला प्रोग्रॅम म्हणजे त्या लिनक्सवर चालणाऱ्या अनेक कामांपैकी एक.

हा फरक कळला तो लाइट गेल्यावर. तिच्या गावात लाइट दिवसातून दोन-तीनदा जाते. लाइट परत आली की ईएसपी32 एक-दोन सेकंदांत पुन्हा मोजायला लागतो, वायफायला जोडायला आणखी काही सेकंद. पाय झीरोला उठायला अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. तेवढं चालून गेलं असतं. खरा धोका एसडी कार्डाला आहे. लिनक्स सतत कार्डावर काहीतरी लिहीत असतं, आणि लिहिता लिहिता वीज तुटली तर फाइल अर्धवट राहते. दहा वेळा काही होत नाही, अकराव्या वेळी पाय सुरूच होत नाही. आमच्या चौथ्या दिवशी नेमकं तेच झालं: हिरवा दिवा दोन-चारदा लुकलुकला आणि पुढे काही नाही. कार्ड पुन्हा पहिल्यापासून भरावं लागलं. पाय नीट बंद करायचा तर आधी हा आदेश द्यावा लागतो:

```
sudo shutdown -h now
```

लाइट जाताना असा आदेश कोण देणार? `raspi-config` मध्ये कार्ड फक्त वाचण्यापुरतं ठेवायची सोय आहे आणि ती उपयोगी आहे. पण पहिल्याच प्रकल्पात मुलीने वेळ सेन्सरवर घालवावा की कार्ड वाचवण्यावर?

दुसरा फरक वेळ मोजण्याचा. टाकीसाठी आपण अल्ट्रासॉनिक सेन्सर लावतो. तो ध्वनीची लहर सोडतो, ती पाण्यावर आपटून परत येते, आणि त्या वेळावरून अंतर निघतं. ध्वनी सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन 1 सेंटिमीटर अंतराला सुमारे 58 मायक्रोसेकंद लागतात. पायवर पायथनमध्ये हे मोजताना लिनक्स मध्येच दुसऱ्या कामाकडे वळलं आणि 200 मायक्रोसेकंद गेले, तर उत्तर तीन-साडेतीन सेंटिमीटरने चुकतं. यावर खास लायब्ररीचा उपाय आहे. ईएसपी32वर मात्र एवढंच पुरतं:

```cpp
const int TRIG = 25, ECHO = 26;

float gapCm() {
  digitalWrite(TRIG, LOW);  delayMicroseconds(2);
  digitalWrite(TRIG, HIGH); delayMicroseconds(20);
  digitalWrite(TRIG, LOW);
  long t = pulseIn(ECHO, HIGH, 30000);
  if (t == 0) return -1;
  return t * 0.0343 / 2;
}
```

पिना आधी `setup()` मध्ये `pinMode` ने ठरवून द्यायच्या. लहर परतलीच नाही तर उत्तर -1 येतं. ती ओळ काढून टाकू नका, पुढे तिचं काम आहे. ईएसपीवरही एखादं मोजमाप भलतंच येतं, म्हणून पाच वेळा मोजून मधलं घ्यायचं. सरासरी नको, कारण एक चुकलेला आकडा सरासरीला ओढून नेतो.

आता सेन्सर. दुकानात एचसी-एसआर04 स्वस्तात मिळतो आणि टेबलावर छान चालतो. टाकीत मात्र झाकणाखाली कायम वाफ धरलेली असते आणि त्याचे दोन्ही उघडे डोळे काही आठवड्यांत खराब होतात. टाकीसाठी एका बंद डोळ्याचा, लांब वायरचा जेएसएन-एसआर04टी घ्यावा. त्याची अडचण वेगळी: साधारण 20 ते 25 सेंटिमीटरच्या आतलं अंतर त्याला कळत नाही. म्हणजे टाकी भरत आली, जेव्हा आपल्याला त्याची सगळ्यात जास्त गरज असते, तेव्हाच तो आंधळा होतो. आम्ही तो झाकणावर पाइपचा तुकडा बसवून उंच केला, तर पाणी कितीही असो, आकडा पाइपच्या लांबीएवढाच यायला लागला. लहर पाइपच्या कडेवरून परतत होती. पाणी हलतं आणि आकडा हलत नाही, ही त्याची खूण. पाइप रुंद घेतल्यावर नीट झालं.

भाचीचं गणित असं. टाकी 1000 लिटरची, सरळ भिंतींची. रिकामी असताना सेन्सरपासून तळापर्यंत 120 सेंटिमीटर, ओव्हरफ्लोच्या भोकाशी पाणी आलं की 30. आकडा 75 आला तर (120 − 75) ÷ (120 − 30), म्हणजे बरोबर अर्धी टाकी, 500 लिटर. आपल्या टाकीचे दोन आकडे टेपने मोजून घालायचे. आणि 'भरली' हे सांगायला मी जोडीला एक साधा फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याबरोबर वर उचलला जाणारा तरंगता स्विच, लावायला लावला. त्याला वाफेचं, पाइपच्या कडेचं काही देणंघेणं नाही.

हा स्विच तिने आधी 34 क्रमांकाच्या पिनेला जोडला आणि टाकी भरल्याचा निरोप दिवसभर उगाच येत राहिला. ईएसपी32च्या 34 ते 39 या पिना फक्त इनपुटच्या आहेत आणि त्यांत आतला पुल-अप रेझिस्टर, म्हणजे स्विच उघडा असताना पिनेला ठरावीक व्होल्टेजवर धरून ठेवणारा रेझिस्टर, नसतो, त्यामुळे उघड्या स्विचची पिन हवेत तरंगते. स्विच 27वर नेला, `INPUT_PULLUP` लिहिलं, प्रश्न मिटला. 12 क्रमांकाची पिनही पहिल्या प्रकल्पात टाळावी. सुरू होताना तिच्यावर व्होल्टेज असलं तर बोर्ड उठतच नाही.

दोन्ही बोर्डांना सारखंच लागू असलेलं पथ्य म्हणजे 3.3 व्होल्ट. सेन्सर 5 व्होल्टवर चालवला तर त्याची इको वायर 5 व्होल्ट परत पाठवते आणि ती सरळ जोडली तर पिन जाऊ शकते. इकोपासून पिनेपर्यंत 1 किलोओहमचा रेझिस्टर, आणि पिनेपासून ग्राउंडपर्यंत 2 किलोओहम. दोनचा मिळाला नाही तर एक-एकचे दोन ओळीने लावा. जुना आर्डुइनो उनो 5 व्होल्टचाच असल्यामुळे ही भानगड त्यात नाही, चुकाही तो बऱ्याच सोसतो. पण आर3 आवृत्तीत वायफाय नाही. वायफाय लागणार हे आधीच माहीत असेल तर मी उनो सुचवत नाही. मुलाला पायथन येत असेल तर पिको डब्ल्यू हा ईएसपीच्या तोडीस तोड पर्याय आहे: संगणकावर थॉनी हा पायथनचा एडिटर उघडा, लिहा, चालवा. पाय झीरोच्या नावाशी गल्लत करू नका, पिको हा मायक्रोकंट्रोलरच आहे आणि लाइट गेल्यावर ईएसपीसारखाच वागतो.

मग पाय कधी घ्यावा? कॅमेरा लावायचा असेल, महिनाभराच्या नोंदी साठवून आलेख काढायचे असतील, किंवा मुलाला लिनक्सच शिकायचं असेल तेव्हा. हे ईएसपीला ओढूनताणून करायला लावण्यात अर्थ नाही. फक्त कार्ड आणि चांगला अडॅप्टर धरून पायचा खर्च तीन-चार ईएसपी बोर्डांएवढा होतो, आणि साध्या झीरो 2 डब्ल्यूवर पिना स्वतः सोल्डर कराव्या लागतात. घरभराची उपकरणं सांभाळणारं होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर चालवायचा बेत असेल तर झीरो नको, पाय 4 किंवा 5 लागेल, आणि तो इन्व्हर्टरच्या लाइनवर ठेवावा.

ईएसपी32 घेतलात तर पहिल्या दिवशी दोन गोष्टी अडवतात. संगणकाला बोर्ड दिसतच नाही, तेव्हा आधी केबल बदला. बऱ्याच मोबाइल केबलमधून फक्त चार्जिंग होतं. आणि `Connecting....` वर अडकलं तर बोर्डावरचं `BOOT` बटण दाबून धरा. पुढे कधी बोर्ड सारखा रीसेट होऊन पडद्यावर `Brownout detector was triggered` आलं, तर प्रोग्रॅममध्ये चूक शोधू नका. वायफाय चालू होताना बोर्ड क्षणभर जास्त करंट मागतो आणि हलका चार्जर किंवा लांब बारीक वायर तो देऊ शकत नाही. आमच्याकडे गच्चीपर्यंतची वायर दोषी निघाली.

गच्चीवर वायफाय पोहोचतं का हे खरेदीआधी बघा. टाकीजवळ फोनवर जेमतेम एकच रेघ दिसत असेल तर बोर्डाच्या छोट्या अँटेनावर विसंबू नका. स्लॅब सिग्नल खातो आणि लोखंडी डबा तर अडवतोच. अशा वेळी दोन ईएसपी32 घ्या, एक टाकीपाशी, एक स्वयंपाकघरात बझरसह. ईएसपी-नाऊ या पद्धतीने ते राउटरशिवाय एकमेकांशी बोलतात, आणि जिन्याच्या बाजूने मोकळी वाट मिळाली तर निरोप चांगला पोहोचतो. भाचीने शेवटी हेच केलं. राउटर बंद असला तरी तिचा बझर वाजतो.

मोटर आपोआप बंद करायचं मी अजून होऊ दिलेलं नाही. बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणाऱ्या स्विचला रिले म्हणतात. छोट्या रिलेवर 10 अँपिअर लिहिलेलं असतं, पण 1 एचपीची मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. त्या ठिणगीने रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटतात, आणि मग प्रोग्रॅमने 'बंद' म्हटलं तरी मोटर चालूच राहते. ते काम कॉन्टॅक्टर या मोठ्या करंटच्या दणकट स्विचचं, आणि 230 व्होल्टची जोडणी वायरमनची. तो येईल तेव्हा प्रोग्रॅममध्ये एक अट आधीपासून असायला हवी: सलग तीनदा -1 आलं, म्हणजे पाणी किती ते कळेनासं झालं, की मोटर बंद. तोपर्यंत बझर वाजतो आणि आजी उठून बटण बंद करते.