गुमास्ता आणि महापालिकेचा परवाना: गाळा घेण्याआधी कोणता कागद बघायचा?

महाराष्ट्रात दुकान टाकणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो ‘गुमास्ता काढून टाक’ असा. गुमास्ता म्हणजे शॉप ॲक्टचा कागद. तो निघाला की सगळं झालं, असं समजून लोक गाळ्याचा करार करतात आणि तिथेच फसतात.

शॉप ॲक्ट बघतो माणसांकडे: कामाचे तास, सुट्टी, रजा. 2017 च्या कायद्यात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणी लागत नाही, नुसती ऑनलाइन सूचना द्यायची. फॉर्म एफ भरायचा, फॉर्म जी ही पावती घ्यायची. त्यासाठी धंदा सुरू झाल्यापासून 60 दिवस मिळतात. ही दहाची मर्यादा वीसवर न्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 2025 मध्ये घेतला, पण दोन-तीन पोरं कामाला ठेवणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. एजंट हीच पावती ‘लायसन’ म्हणून विकतात. कागदावर नोंदणी प्रमाणपत्र लिहिलंय की सूचनेची पावती, एवढं वाचलं तरी कळतं. बँकेत चालू खातं उघडताना ती उपयोगी पडते. पण गाळा अधिकृत आहे किंवा तिथे तुमचा धंदा चालेल, याचा ती पुरावा नाही.

महापालिकेचा परवाना बघतो जागेकडे आणि धंद्याकडे. मुंबईत तो 1888 च्या महापालिका अधिनियमाच्या कलम 394 खाली येतो. पुणे, नाशिकसारख्या शहरांत 1949 च्या अधिनियमाच्या कलम 376 खाली. तो सरसकट प्रत्येक दुकानाला लागत नाही. आग, धूर, घाण, दुर्गंधी किंवा आरोग्याशी संबंध असलेले ठरावीक माल आणि धंदे त्यात येतात. इथे 60 दिवसांची सवलत नाही, आधी परवाना आणि मग धंदा. शिवाय अधिकारी जागा बघून नकारही देऊ शकतात. सूचनेच्या पावतीत तो प्रश्नच येत नाही.

समजा, तुम्ही पुण्यात दोन मदतनीस ठेवून वह्या-पेनांचं दुकान टाकताय. फॉर्म जी घेतला की या दोन कागदांपुरतं काम संपलं. सहा महिन्यांनी त्याच गाळ्यात वडे तळायला कढई ठेवलीत, तर माणसं तेवढीच, म्हणून शॉप ॲक्टची पायरी बदलत नाही (धंद्याचा प्रकार बदलल्याचं कळवायचं तेवढं). महापालिकेच्या लेखी मात्र हा नवा धंदा. गॅस सिलिंडर, धूर जायची वाट, सांडपाणी हे सगळं आता बघितलं जाणार. अन्न नोंदणी वेगळी करावी लागते, तीही या परवान्याची जागा घेत नाही.

म्हणून तळण, गिरणी, रंग-रसायनं असलं काही डोक्यात असेल, तर भाडेकरारावर सही करण्याआधी वॉर्ड ऑफिसात जाऊन त्या गाळ्याच्या पत्त्यावर त्या धंद्याला परवाना मिळेल का, हे विचारा. नुसतं किरकोळ विक्रीचं दुकान असेल, तर आधी उघडा, सूचना महिन्याभरात दिलीत तरी चालेल.

पाटी मात्र पहिल्या दिवसापासून मराठीत, देवनागरीत हवी. 2022 च्या दुरुस्तीनंतर यात लहान दुकानंही आली. दुसऱ्या लिपीतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत, हे रंगाऱ्याला आधीच सांगा.