बंपर फुटला: क्लेम टाकावा की खिशातून भरावे?

कोणाला लागलेले नाही, पण पुढचा बंपर फुटला आहे. क्लेम करायचा की नाही, हा निर्णय रस्त्यावर घेऊच नये. तिथे एवढेच पाहायचे की दोन्ही वाटा खुल्या राहतील.

त्यासाठी गाड्या हलवण्याआधी लांबून दोन-तीन फोटो घ्या. दोन्ही नंबरप्लेट, लेन आणि गाड्यांची स्थिती एकाच चौकटीत दिसायला हवी. नुकसानीचे जवळचे फोटो नंतरही काढता येतात, लांबचे मात्र पुन्हा मिळत नाहीत. समोरच्याचे लायसन्स, आरसी आणि पॉलिसी यांचेही फोटो घ्या. विम्याची मुदत mParivahan वर तिथेच तपासता येते. "चूक माझी, खर्च देतो" असे लिहून देऊ नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कबुली देणे किंवा पैसे देणे पॉलिसीच्या अटीत बसत नाही, आणि पुढे क्लेम तिथेच अडकतो.

दुसऱ्याच्या गाडीचे नुकसान झाले असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 प्रमाणे 24 तासांच्या आत पोलीस ठाण्यात कळवायचे असते. स्टेशन डायरीत नोंद करून अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. विमा कंपनीलाही लगेच कळवा आणि सर्वेअर पाहून जाईपर्यंत गाडी उघडू देऊ नका.

आता हिशोब. गाडी 1200 सीसीची, एनसीबी म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सवलत सध्या 45 टक्के, घसारा न कापणारे झिरो डेप कव्हर नाही. गॅरेजचे एस्टिमेट असे: बंपर 7,000, रंगकाम 4,000, मजुरी 1,500, एकूण 12,500. प्लास्टिकवर निम्मा घसारा, म्हणून बंपरचे 3,500 मिळतात. रंगकामाचा चौथा हिस्सा साहित्य धरून त्यावर निम्मी कपात होते, म्हणजे 500 गेले. मजुरी पूर्ण मिळते. सक्तीची 1,000 वजावट केल्यावर हातात येतात 7,500.

मला खटकते ती गोष्ट याच्या पुढची आहे. क्लेम 7,500 चा असो वा 70,000 चा, एनसीबी शून्यावरच येते. सवलतीपूर्वीचा ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीचा प्रीमियम 12,000 धरा. क्लेम नसता तर पुढच्या नूतनीकरणाला 50 टक्के, म्हणजे 6,000 सुटले असते. त्याच्या पुढच्या वर्षी 50 ऐवजी 20 टक्केच मिळतात, म्हणजे आणखी 3,600 गेले. दोनच वर्षांत 9,600 झाले, आणि 25, 35, 45 च्या पायऱ्या अजून चढायच्याच आहेत. गाडीची किंमत घटते तसा प्रीमियम थोडा उतरतो, पण निकाल फारसा बदलत नाही.

त्यामुळे नुसत्या बंपरसाठी माझा कल खिशातून भरण्याकडे आहे. क्लेम करूनही सवलत टिकवणारे एनसीबी प्रोटेक्ट घेतलेले असेल किंवा मुळात एनसीबीच नसेल, तर अर्थात क्लेम बरा. बंपर काढल्यावर आतला रेडिएटर सपोर्ट वाकलेला किंवा हेडलॅम्पचे ब्रॅकेट तुटलेले निघाले, तरीही हिशोब उलटतो. म्हणूनच सर्वेअरसमोर बंपर उतरवून घ्यावा, एस्टिमेट पाहावे आणि मगच क्लेम पुढे न्यावा किंवा मागे घ्यावा. मागे घेतला तर "पैसे दिलेले नाहीत, क्लेम बंद" असा ईमेल कंपनीकडून मागून ठेवा. नूतनीकरणाच्या वेळी एनसीबी कापली गेली, तर तोच दाखवावा लागतो.